तडजोडीने मिटलेल्या तक्रारीची फाईल: ठेवायची की फाडायची?

लांज्याचा लिपिक
अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. 2021 मध्ये एका बाईंनी सहकारी शिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार दिली होती. अंतर्गत समितीपुढे तडजोड झाली, चौकशी झालीच नाही. दोघंही अजून इथेच नोकरीला आहेत. कपाट लावताना मुख्याध्यापक म्हणाले, "मिटलेलं प्रकरण, फाडून टाका." फाडू का?

दापोलीचे निवृत्त गुरुजी
बिनधास्त फाडा. कागद राहिला की कधीतरी फुटतोच. आमच्याकडे नवीन मुख्याध्यापक आले, पहिल्याच आठवड्यात जुनी फाईल चाळत बसले आणि मधल्या सुट्टीच्या चहापर्यंत अख्ख्या शिक्षकखोलीला सगळं ठाऊक! त्या माणसावर काही सिद्ध झालं नव्हतं, तरी निवृत्तीपर्यंत मान खाली. तक्रार करणाऱ्या बाईंनाही तेच सोसावं लागलं.

चिपळूणकर ताई
गुरुजी, तुम्ही सांगताय तो दोष कुलुपाचा आहे, फाईलचा नाही. मी दोन संस्थांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य आहे, म्हणून सांगते. 2013 च्या कायद्यात तडजोड म्हणजे प्रकरणाचा शेवट नव्हे. समितीने तडजोडीच्या अटी लिहून व्यवस्थापनाला पाठवायच्या आणि प्रत दोघांनाही द्यायची असते. त्यातली एखादी अट समोरच्याने पाळली नाही आणि बाईंनी तसं कळवलं, की थांबलेली चौकशी सुरू करावी लागते किंवा तक्रार पोलिसांकडे द्यावी लागते.

समजा, 2021 मध्ये अट अशी होती की समोरच्याने बाईंच्या परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षण घ्यायचं नाही. उद्या तुम्हीच नकळत दोघांची नावं एका केंद्रावर लावलीत आणि त्याने गुपचूप ते पर्यवेक्षण घेतलं. बाई तक्रार घेऊन आल्या, तर समिती काय वाचणार? मूळ तक्रार नाही, अटींचा कागद नाही. दोघं नोकरीत आहेत तोवर ती फाईल जिवंतच आहे.

देवरुखचा पाटकर
सरकारी दफ्तरात वर्गवारी असते. अ कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-1 पाच, ड एक. क-1 मध्ये टाका, पाच वर्षं भरली की मोकळे. आणि माहिती अधिकारात कोणी मागितली तर सरळ नाही म्हणा, कोणालाच मिळत नाही.

चिपळूणकर ताई
अर्धं बरोबर. वर्गवारीची वर्षं प्रकरण बंद झाल्यापासून धरतात, तक्रारीच्या तारखेपासून नाही. आणि हे बंद झालंय कुठे? कायद्यात या फाईलसाठी वर्षांचा आकडाच नाही, त्यामुळे संस्थेने ठराव करून मुदत ठरवावी. माझं मत विचाराल तर दोघांपैकी शेवटचा माणूस नोकरीतून गेल्यावर आणखी पाच वर्षं.

माहिती अधिकाराचं म्हणाल तर तिऱ्हाइताला तक्रारीचा मजकूर आणि नावं मिळत नाहीत, हे खरं. पण ज्यांचं प्रकरण आहे त्या दोघांना तडजोडीची प्रत, आणि चौकशी झाली असेल तर अहवाल, द्यावाच लागतो.

मालवणचो बाबलो
आमच्या शाळेतली तक्रार पेटी वरसभर कोणी उघडूकच नाय. चावी शिपायाकडे, शिपाय रजेर. पयली ती उघडा, मगे फायली.

लांज्याचा लिपिक
बाबल्या, ती मुलांची पेटी, हे वेगळं. पण ताई, तुमचं वाचून मी आवक रजिस्टर उघडलं. आमच्या आधीच्या लिपिकाने विषयाच्या रकान्यात बाईंचं नाव, समोरच्याचं नाव, "गैरवर्तनाबाबत", सगळं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय. ते रजिस्टर रोज टेबलावर पडलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेला पालकही बघू शकतो.

चिपळूणकर ताई
हेच म्हणत होते! फाईल कुलपात आणि नावं टेबलावर. खाडाखोड करू नका, पांढरी शाई तर मुळीच लावू नका. ते रजिस्टर शेवटच्या क्रमांकावर सही घेऊन बंद करा, फाईलशेजारी कुलपात ठेवा आणि नवीन सुरू करा. यापुढे असं पाकीट न फोडता फक्त क्रमांक, तारीख आणि "गोपनीय, समिती अध्यक्षांना" एवढीच नोंद घ्या. चावी अध्यक्षांकडे. फाईलच्या आत एक कोरा कागद लावून कोणी, कधी, कशासाठी उघडली ते लिहायचं. ही माहिती फोडणाऱ्याला सेवा नियमांप्रमाणे शिक्षा होते, तसे नियम नसतील तर पाच हजारांचा दंड, आणि ते मुख्याध्यापकांनाही चुकत नाही.

आणखी एक, खालच्या फळीवर ठेवू नका. 2021 च्या पुरात एका कार्यालयातले खालचे दोन कप्पे मी स्वतः पाहिलेत. शाई पसरलेली, टाचण्यांचा गंज पानांत उतरलेला, पानं सुटी करायला गेलं की लगदा हातात.

दापोलीचे निवृत्त गुरुजी
कुलूप, नोंद सगळं मान्य. पण ज्याच्यावर काहीच सिद्ध झालं नाही त्याचं नाव निवृत्तीनंतरही पाच वर्षं कपाटात का? हे मला पटत नाही.

चिपळूणकर ताई
गुरुजी, त्या पाच वर्षांवर आमच्या समितीतही एकमत नाही. काहीजण म्हणतात, माणूस गेला की फाईल जावी. पण आज फाडायची नाही, एवढं तरी मान्य कराल ना?

लांज्याचा लिपिक
मुख्याध्यापकांना सांगितलं. म्हणाले, "मग तुम्हीच सांभाळा चावी." चावी अध्यक्ष बाईंकडे द्यायची आहे, पण त्या मेमध्येच निवृत्त झाल्या आणि नवीन अध्यक्ष अजून नेमलेल्या नाहीत.