'भट्टी' की 'पावशेर'? कथेतल्या बापलेकीचं भांडण आणि माझी एक शंका

मोतीतलाव:
एक छोटी कथा लिहितोय, एका शब्दापाशी अडलोय म्हणून इथे विचारतो. वडील २८ वर्षं मुंबईत एका बेकरीत भट्टीवर होते, आता सावंतवाडीला परत आलेत. मुलगी मुंबईतच वाढली, बेकरीचा कोर्स केलाय, दोघं मिळून दुकान टाकतायत. गाळा मिळाला, ओव्हन आला, नुसत्या नावावर आठवडा गेलाय. वडलांना हवंय 'भट्टी', मुलीला हवंय 'पावशेर' (पाव आणि शेर, दोन्ही आले म्हणून ती खूश). तुकडा देतो:

«"बाबा, 'भट्टी' वाचून लोकांना हातभट्टी आठवणार. पोलीस येतील आधी, गिऱ्हाईक नंतर."
"भट्टी काय फकत दारूचीच आसता काय गो? आणि तुजा ता पावशेर? ता नाव ठेवलंस तर सांजचे सात वाजले की कोणकोण दारात येऊन रवतत ता बघ."
"पावशेर म्हणजे वजन, बाबा!"
"वजन होता. आता पावशेर मारून येतत लोक."
ती गप्प बसली. मग ओव्हनकडे बोट करून म्हणाली, "आणि हिच्यात आग कुठाय? प्लग आहे. हिला भट्टी कसं म्हणणार तुम्ही?"
ह्यावर मात्र बाबांकडे उत्तर नव्हतं.»

शंका अशी, की दोघंही एकमेकांच्या नावाला दारूचा वास येतो म्हणूनच नाही म्हणतायत. तो वास खरंच दोन्ही शब्दांना सारखा आहे का? आणि विजेच्या ओव्हनला भट्टी म्हटलेलं कानाला खटकतं का?

चाफेकळी७२:
मला 'पावशेर' आवडलं. पण एक सांगते, पाव हा शब्द पायावरून आलाय, पूर्वी पीठ पायाने तुडवायचे म्हणून. आमची आजी त्यामुळेच पाव घरात आणू द्यायची नाही. हे वडलांच्या तोंडी घालता येईल.

जुनी_वही:
चाफेकळी, पायाने तुडवण्याची गोष्ट घरोघरी सांगतात पण खायचा पाव पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या भाषेत ब्रेडला 'पांव' म्हणतात, तोच हा. गंमत अशी की तुमचा 'पाय' अगदीच चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या पावाचा आहे. पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद' वरून येतो आणि पाद म्हणजे पायही आणि चौथा भागही, चार पायांतला एक म्हणून. म्हणजे 'पावशेर' ह्या नावात मुलगी पोर्तुगीज पाव आणि संस्कृत पाव एकाच पाटीवर बसवतेय, तिला ते ठाऊक असो नसो.

आता दारूचा वास. पावशेर हे शेराचं पाव, ८० तोळ्यांचा शेर धरला तर साधारण २३३ ग्रॅम. त्याच्या निम्मं नवटाक. किलो-लिटर आल्यावर ही मापं बाजारातून उठली आणि नेमकी गुत्त्यात टिकली, 'नवटाक मारली', 'पावशेर टाकून आलाय'. आज बोलण्यात हा शब्द मापापेक्षा पिण्यासाठीच जास्त येतो, त्यामुळे वडलांचं म्हणणं बरोबर आहे.

भट्टीचं वेगळं आहे. संस्कृत 'भ्राष्ट्र', म्हणजे भाजायचं साधन, त्यावरून भट्टी. लोहाराची भट्टी, वीटभट्टी, चुन्याची भट्टी, धोब्याची भट्टी, आणि 'भट्टी छान जमली' हे तर आपण स्वयंपाकालाही म्हणतो आणि गाण्याच्या मैफलीलाही. दारू त्यात एक पाहुणी आहे, आणि तीही बहुतेक 'हात' लावूनच येते. माझ्या मते वास सारखा नाही, पावशेरला जास्त आहे.

फोंड्याचा_बाब:
जुनीवही, सगळं पटलं पण तुम्ही घाटावरून बोलताय. आमच्याकडे गोव्यात नुसतं 'भट्टी' म्हटलं ना, की काजूच्या बोंडांचा रस उकळून फेणी गाळतात ती जागा डोळ्यासमोर येते, हात बित लावावा लागत नाही. पाव भाजतात ती भट्टी नव्हे, तिला आम्ही 'फोर्न' म्हणतो, तोही पोर्तुगीजच, आणि पाव करणारा तो पोदेर. सावंतवाडीहून गोवा किती लांब? बांद्याच्या पुढे लगेच आमची हद्द. तिथली माणसं दोन्हीकडे ये-जा करतात, मुलीची भीती अगदी खरी आहे. आणि अजून एक, पूर्वी आमचे पोदेर पीठ फुगवायला माडाची सूरच घालायचे. त्यामुळे पाव आणि दारू एकमेकांपासून तोडणं तसं कठीणच.

मोतीतलाव:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!! म्हणजे वडलांची भट्टी मुंबईची आणि मुलगी मुंबईत वाढूनही तिला सावंतवाडीचा कान आहे. मी अगदी उलटं लिहित होतो.

शटरवाला:
भाऊ नाव काहीही ठेवा पण पाटी मराठीत लावा, देवनागरी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार दहाच्या आत असले तरी सूट नाही. माझ्या दुकानाची पाटी पेंटरने इंग्रजी मोठी न मराठी खाली कोपऱ्यात बारीक अशी केली, पूर्ण नवीन करावी लागली, दोनदा पैसे गेले. लायसन्सला कुठलं नाव दिलंय तुम्ही?

मोतीतलाव:
अहो दुकान माझं नाही, कथेतलं आहे :) पण पाटीचं घेतो, पेंटरचं पात्र आहेच.

लादीपाव:
मी लाकडाच्या भट्टीवर काम केलंय म्हणून ओव्हनबद्दल सांगतो. भट्टी म्हणजे नुसती आग नाही. लाकूड आत जाळायचं, घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा, मग चिमूटभर पीठ टाकून बघायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर लाद्या आत. म्हणजे पाव भाजतो तेव्हा आग नसतेच, विटांनी धरून ठेवलेली धग असते. पाव निघाले की उतरत्या धगीवर खारी, आणि टोस्ट रात्रभर आत वाळत राहतात. ओव्हनमध्ये २२० लावलं की २२० राहतं, उतरती धग हा प्रकारच नाही. मी त्याला भट्टी म्हणणार नाही.

जुनी_वही:
लादीपाव, शब्द तेवढा कडक नसतो हो. पोलाद कारखान्यात विजेची भट्टी असते आणि सगळे तिला भट्टीच म्हणतात.

लादीपाव:
म्हणत असतील. त्यांना टोस्ट वाळवायचे नसतात.

चाफेकळी७२:
मग सरळ 'भाजणी' ठेवा की, दारूही नाही आणि मराठीही आहे.

जुनी_वही:
लोक थालीपिठाचं पीठ मागायला येतील. भाजणी आणि भट्टी मुळात जवळचेच शब्द, पण भाजणीला आता एकच डबा उरलाय.

फोंड्याचा_बाब:
'भट्टीचो पाव' ठेवलं तर? पुढे पाव आला की फेणी आपोआप बाजूला होते, आमच्याकडेसुद्धा.

लादीपाव:
आणि ओव्हन विजेचा असेल तर ते खोटं होईल. 'भट्टीचा पाव' म्हणून पाटी लावायची आणि आत प्लग, गिऱ्हाईक एकदा पावाची खालची बाजू बघेल आणि ओळखेल. भट्टीच्या पावाला खाली विटांची धग लागलेली दिसते.

मोतीतलाव:
लादीपाव, तुमचं हे वाक्य मुलीच्या तोंडी जाणार. ती पाव उलटा करून बाबांसमोर धरते, बाबा अंगठ्याने खालचा भाग चाचपतात आणि उठून मागच्या परसात विटा मोजायला लागतात. नाव काय पडलं ते मी अजून लिहिलेलं नाही. 'भट्टीचो' की 'भट्टीचा', सावंतवाडीच्या पाटीवर काय बरं वाटेल?

फोंड्याचा_बाब:
भट्टीचो. वडील मालवणीत बोलतायत ना.

चाफेकळी७२:
पण पाटी मुलगी रंगवून घेणार.