मदत हवी आहे: विधवा आणि दिव्यांग असलेल्या बहिणीचा निराधार योजनेचा अर्ज उत्पन्नामुळे नामंजूर झाला आहे

मावसभाऊ

माझी मावसबहीण 41 वर्षांची आहे. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय अधू आहे आणि जिल्हा रुग्णालयाने तिला 2009 मध्ये 50 टक्के कायमस्वरूपी अपंगत्वाचे हस्तलिखित प्रमाणपत्र दिलेले आहे. ती सासरीच राहते, मुलगा दहावीत आहे आणि शिधापत्रिका दिरांबरोबर एकत्र आहे. शिलाई मशीनचे पायडल ती एकाच, उजव्या पायाने चालवते आणि ब्लाउज शिवून तिला महिन्याला साधारण 1,800 रुपये मिळतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी आम्ही ‘विधवा’ म्हणून अर्ज केला होता. पतीचा मृत्यूदाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, आधार आणि बँकेचे पासबुक असे सगळे जोडले होते. उत्पन्नाचा दाखला मात्र 46,000 रुपयांचा निघाला, कारण चौकशीच्या वेळी दिरांची शेतीची मिळकतही त्यात धरली गेली. चार महिन्यांनी अर्ज परत आला आणि त्यावर लाल शाईने ‘उत्पन्न मर्यादेबाहेर’ एवढेच लिहिले होते. आता शिधापत्रिका वेगळी करून नवा दाखला काढावा, की दुसरा काही मार्ग आहे? जाणकारांनी कृपया सांगावे. ताईला पुन्हा पुन्हा तालुक्याला नेणे तिच्या पायामुळे फार अवघड जाते.

गोदाकाठ

शिधापत्रिका वेगळी करून घ्या, तोच खरा उपाय आहे. आमच्या गावात दोघींनी असेच केले. वेगळ्या शिधापत्रिकेवर फक्त ताई आणि तिचा मुलगा राहिला, की दिरांचे उत्पन्न मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. दाखलाही मग 20,000 रुपयांच्या आतला काढून मिळतो, सेतू केंद्रावर सांगितले की ते तसा भरून देतात.

निवृत्त महसूल कर्मचारी

गोदाकाठ, आपला पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे, दुसरा मात्र मुळीच करू नये. विधवांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. आता ताईंचीच कमाई मोजून पाहा. महिन्याला 1,800 म्हणजे वर्षाला 21,600 रुपये. दिरांचा एक रुपयाही धरला नाही, तरी त्या 600 रुपयांनी मर्यादेच्या बाहेरच राहतात. म्हणजे शिधापत्रिका वेगळी करण्यासाठी सहा महिने खर्च करूनही पुन्हा तोच शेरा पडेल, नाहीतर मग खोटा दाखला काढावा लागेल. खोट्या दाखल्यावर मिळालेले अनुदान एखाद्या फेरतपासणीत बंद होते आणि वसुली निघते ती त्या बाईच्या नावावर, केंद्रवाल्याच्या नावावर नाही. मी अशी प्रकरणे टेबलावर पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

आपल्या प्रकरणात चूक गट निवडण्यात झाली आहे. याच योजनेत दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि अपंगत्व किमान 40 टक्के असावे लागते. ताईंचे अपंगत्व 50 टक्के आहे आणि दिरांची मिळकत धरूनही दाखला 46,000 रुपयांचा आहे. ज्या दाखल्याने विधवा म्हणून त्यांचा अर्ज बाद झाला, तोच दाखला दिव्यांग म्हणून त्यांना पात्र ठरवतो. वय 65 च्या आत आहे आणि महाराष्ट्रातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा तुम्ही आधीच जोडलेला असणार. तेव्हा नव्याने अर्ज करा आणि गटाच्या रकान्यात ‘दिव्यांग’ लिहा. वैधव्याची माहिती अर्जात असू द्यावी, पण पात्रतेचा आधार अपंगत्वच ठेवावा. लाभ एकाच गटातून मिळतो, दोन्ही गटांची रक्कम एकत्र मिळत नाही.

रकमेतही फरक आहे. जुलै 2023 पासून या योजनेत सर्वांना महिन्याला 1,500 रुपये होते. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम 2025 च्या ऑक्टोबरपासून 2,500 रुपये झाली आहे. म्हणजे विधवा म्हणून अर्ज मंजूर झाला असता, तरीही ताईंचे महिन्याला 1,000 रुपये बुडालेच असते.

मावसभाऊ

हे वाचून मन हलके झाले आणि वाईटही वाटले. अर्ज भरून देणाऱ्याने अपंगत्वाचा विषयच काढला नव्हता, आणि आम्हालाही वाटले की पतीचे निधन हेच मोठे कारण आहे. पण प्रमाणपत्र 2009 चे हस्तलिखित आहे, ते चालेल का?

सावली

तेवढ्यावर अडवतील. माझ्या भावाच्या वेळी दिव्यांगांचे ओळखपत्र असलेले यूडीआयडी कार्डच मागितले होते. आम्ही swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर अर्ज केला. तिथे जुने प्रमाणपत्र असल्याचे नमूद करून त्याची स्वच्छ प्रत चढवता येते. आमच्या प्रतीवरचा शिक्का पुसट होता, म्हणून रुग्णालयाने पुन्हा तपासणीला बोलावले आणि त्यात आमचे दोन महिने गेले. ताईंच्या प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांची सही वाचता येते का, ते आधी पाहून घ्या. वाचता येत नसेल, तर वाट न पाहता सरळ जिल्हा रुग्णालयातील दिव्यांग तपासणीचा वार विचारून ताईंना एकदाच घेऊन जावे, म्हणजे फेरी वाचेल. आधार कार्डावरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव जुळते का, हेही बघा. 2009 मध्ये ताईंचे लग्न झालेले नसेल, तर त्यावर माहेरचे नाव असेल.

मावसभाऊ

अगदी बरोबर ओळखलेत. प्रमाणपत्रावर माहेरचेच नाव आहे. क्रमांक वाचता येतो.

निवृत्त महसूल कर्मचारी

मग यूडीआयडीचा अर्ज आधारवरील नावानेच करा आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे दाखवण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, तो नसल्यास राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडा. निराधार योजनेच्या अर्जात मात्र जुने प्रमाणपत्र जोडूच नका, नवे कार्ड आल्यावर त्याचीच प्रत द्या. एकाच अर्जात दोन नावांची कागदपत्रे दिसली की प्रकरण त्रुटीत जाते आणि तालुका समितीची एक बैठक हुकते.

कृष्णामाई

माझ्या आईचे पैसे जानेवारीपासून आलेले नाहीत. तहसीलमध्ये विचारले तर ‘तुमचे पैसे गेले आहेत’ असे सांगतात, आणि बँकेत विचारले तर ‘आधार जोडलेले आहे’ असे सांगतात. अर्ज पुन्हा करावा लागेल का?

निवृत्त महसूल कर्मचारी

कृष्णामाई, आपला प्रश्न वेगळा आहे, तरी सांगतो. नवा अर्ज करू नका. पैसे आता आधारवर आधारित थेट हस्तांतराने जातात, आणि ते पासबुकाची प्रत दिलेल्या खात्यात जातील असे नसते. आधारशी जे खाते शेवटी संलग्न झाले, त्यात ते जातात. बँकेत आधार क्रमांक नोंदवलेला असणे आणि सरकारी रक्कम घेण्यासाठी ते खाते संलग्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. myaadhaar.uidai.gov.in वर आईच्या आधारने प्रवेश करून ‘Bank Seeding Status’ पाहा, तिथे बँकेचे नाव दिसेल. गॅस अनुदानासाठी किंवा बचत गटासाठी उघडलेले एखादे विसरलेले खाते बहुधा त्यात निघते.

कृष्णामाई

पाहिले. पतसंस्थेजवळच्या दुसऱ्याच बँकेचे नाव दिसते आहे, तिथे आईने बचत गटासाठी खाते उघडले होते. उद्याच जाऊन चौकशी करते. फार आभार, काका.

गोदाकाठ

माझ्याकडून दाखल्याबाबत चुकीचा सल्ला दिला गेला, तो मी मागे घेतो. पण एक अडचण कोणीच मांडलेली नाही. ताई लाडकी बहीण योजनेत असतील, तर निराधारचा अर्ज करताच येणार नाही ना?

मावसभाऊ

हो, तिला तिथे महिन्याला 1,500 रुपये मिळतात.

निवृत्त महसूल कर्मचारी

अर्ज करता येतो, दोन्ही लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत. लाडकी बहीण योजनेची अट अशी आहे की दुसऱ्या शासकीय योजनेतून महिन्याला 1,500 रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असतील, तर तिथली पात्रता संपते. विधवा गटातून मंजुरी मिळाली असती, तर एकीकडचे 1,500 सोडून दुसरीकडचे 1,500 घेतल्यासारखेच झाले असते. दिव्यांग गटातून मात्र 2,500 रुपये मिळतात. म्हणून निराधारची मंजुरी हाती येईपर्यंत चालू लाभ सोडू नये, आणि मंजुरी आली की तो बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. दोन्हीकडचे पैसे काही महिने आले तर आनंद मानू नका, ते परत मागितले जाऊ शकतात.

सावली

केंद्राची विधवा निवृत्तीवेतन योजना आहे, ती 40 वर्षांपुढील बाईला मिळते. ताई 41 वर्षांच्या आहेत. तो मार्ग सोपा नाही का?

निवृत्त महसूल कर्मचारी

वय बसते, पण त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत कुटुंबाचे नाव हवे. पिवळी शिधापत्रिका म्हणजे यादीत नाव असे नव्हे, ग्रामपंचायतीतून यादीतील अनुक्रमांकासह दाखला आणावा लागतो. त्यात केंद्राचा वाटा 300 रुपयांचा असतो आणि उरलेली रक्कम राज्य भरून देते, म्हणजे हाती पुन्हा 1,500 रुपयेच येतात. दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 80 टक्के अपंगत्व लागते, त्यात ताई बसत नाहीत. तेव्हा राज्याच्या योजनेतील दिव्यांग गट हाच यात सरळ मार्ग आहे.

भीमथडी

मला एक शंका आहे. सासूबाई, दीर आणि जाऊ एका शिधापत्रिकेवर असले, पण चूल वेगळी असली, तर कुटुंब कोणते धरायचे? ताईंचे 46,000 रुपये 50,000 च्या आत आहेत म्हणून निभावले, पुढच्या वर्षी दिरांना कांद्याचे चार पैसे जास्त मिळाले तर?

निवृत्त महसूल कर्मचारी

याचे एकच उत्तर माझ्याकडे नाही. मी चौकशीला जात असे तेव्हा चूल पाहत असे, स्वयंपाकघरात दोन वेगळे गॅस आणि वेगळे डबे दिसले की तसे अहवालात लिहीत असे. माझे सहकारी शिधापत्रिकेवरच्या नावांपलीकडे जात नसत. म्हणून ताईंनी शिधापत्रिका वेगळी करण्याचा अर्ज आता सावकाश द्यावा, पण निराधारचा अर्ज त्याच्यासाठी थांबवू नये.

मावसभाऊ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. प्रमाणपत्राची प्रत चढवली, रुग्णालयाने ताईला एकदाच बोलावले आणि कालच कार्डाचा क्रमांक आला. त्यावर 50 टक्केच आहे. आज तहसील कार्यालयात नवा अर्ज दिला. तिथल्या बाईंनी आधी ‘विधवा आहेत ना, मग त्याच रकान्यात भरा’ असे सांगितले. मी ताईंची कमाई आणि दोन्ही मर्यादा कागदावर मांडून दाखवल्या, तेव्हा त्यांनी ‘दिव्यांग’वर खूण केली आणि तारीख व क्रमांक असलेली पोच दिली. समितीची बैठक कधी आहे ते त्यांनाही सांगता आले नाही.

एक प्रश्न राहिला. आधीच्या अर्जाला चार महिने गेले, ते महिने धरून थकबाकी मिळते का, की मंजुरी झाल्यापासूनच पैसे मिळतात? आपल्यापैकी कोणाला तसा अनुभव असेल, तर कृपया लिहावे.

सावली

माझ्या भावाला मागचे काही मिळाले नाही, पण त्याचा पहिला अर्ज नामंजूर झालेला नव्हता, त्यामुळे ताईंच्या बाबतीत काय होईल ते मला नक्की सांगता येणार नाही. आधीच्या अर्जाची पोच आणि लाल शेऱ्याचा कागद मात्र जपून ठेवा.