तलावाच्या आदेशाचा तक्ता: मुदत कुठून मोजायची

> ‘प्रतिवादी क्र. 4 ने चार आठवड्यांत अतिक्रमण काढावे’ एवढंच आहे. अधिकारी कोण, तारीख कोणती?

कोर्टाच्या आदेशानुसार कोणी, काय, कधीपर्यंत करायचं याचा तक्ता करताना आधी आदेशाच्या पहिल्या पानावरची पक्षकारांची यादी बघा. क्र. 4 ठाणे महापालिका असेल तर रकान्यात ‘आयुक्त’ हे पद लिहा. नाव नको, बदली झाली की तक्ता शिळा. अतिक्रमण विभागाचे उपायुक्त शेजारी लिहा, पण ती आपली नोंद, कोर्टाची नव्हे.

तारखेत खरी गोम आहे. 5 जूनच्या आदेशात ‘आजपासून’ असेल तर 28 दिवस 3 जुलैला भरतात. ‘प्रत मिळाल्यापासून’ असेल आणि आवक शिक्का 16 जूनचा असेल तर 14 जुलै. म्हणून प्रत स्वतः नेऊन द्या, शिक्का मारून घ्या.

सरकारी वकिलांचं ‘आम्ही करू’ हे निवेदन कोर्टाने हमी म्हणून स्वीकारलं असेल, तर त्याचीही ओळ घाला. आम्ही एकदा ती गाळली होती.