दोन ऑफर, एक तक्ता: आकडे आपण मांडतो की आकडे आपल्याला?

अर्धविराम
काल जुना लॅपटॉप भाच्याला द्यायचा म्हणून साफ करत होते, त्यात `offer_final2.xlsx` नावाची फाईल सापडली. नऊ वर्षांपूर्वीची. उघडली आणि पोटात गोळाच आला. योगायोग बघा, भाच्याच्याही हातात सध्या दोन ऑफर आहेत आणि तोही असाच तक्ता करत बसलाय. म्हणून हा धागा.

माझी पहिली मांडणी अशी होती. वेटेज: पगार 40, प्रवास 20, वाढ 25, स्थैर्य 15. दहापैकी गुण 'अ'ला 8, 4, 8, 5 आणि 'ब'ला 7, 8, 6, 8. बेरीज 'अ' 6.75, 'ब' 7.10. म्हणजे 'ब' जिंकली.

आणि मला वाईट वाटलं! तिथेच थांबून विचार करायला हवा होता की वाईट का वाटतंय. मी काय केलं, तर प्रवासाचं वेटेज 20 वरून 10 वर आणलं आणि ते 10 वाढीला दिले. 'अ' 7.15, 'ब' 6.90. फाईल सेव्ह केली, नावापुढे 'final2' लावलं आणि घरी सगळ्यांना दाखवलं, "बघा, हिशोबानेच ठरवलंय." final1 कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

'अ' घेतली. पुढचं सांगतेच. तुम्ही असे तक्ते केलेत का? तक्त्याचं ऐकलंत का?

मधलीसुट्टी
हाहाहा final2!! माझ्याकडे final_खरंच_final आहे. मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी लिहितो.

बाराखडी
माझ्या मते 'ब' घ्यावी. स्थैर्य महत्त्वाचं. आजकाल काय भरवसा नाही.

अर्धविराम
बाराखडी, नऊ वर्षं झाली हो त्याला :)

बाराखडी
अरे हो. वरचं वाचलंच नाही नीट. मग भाच्याला सांगा.

रिकामीचौकट
माझा किस्सा लाजिरवाणा आहे. मी तक्ता केला, सूत्र पहिल्या ऑफरखाली लिहिलं आणि उजवीकडे ओढलं. वेटेज B रकान्यात, ऑफरचे गुण C आणि D मध्ये. सूत्र होतं:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)
```

ओढल्यावर दुसऱ्या ऑफरखाली ते C गुणिले D झालं. म्हणजे एका ऑफरचे गुण हेच दुसऱ्या ऑफरचं वेटेज! वेटेजही मी 1 ते 10 मध्ये दिलं होतं, त्यामुळे चुकीचा आकडा शेजारच्या आकड्याजवळ अगदी शोभून दिसला. शंभरात दिलं असतं तर एकीकडे सहाशे आणि दुसरीकडे पावणेदोनशे येऊन लगेच डोळ्यात खुपलं असतं. दोन दिवस त्या आकड्यावर घरात चर्चा. शेवटी बहिणीने कागदावर बेरीज केली तेव्हा कळलं. डॉलरची खूण लावायची राहिली होती:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)
```

तीनपायांचीशर्यत
बहीण काय करते?

रिकामीचौकट
शिक्षिका. गणिताचीच :|

निशाचर
दहापैकी गुण दिले म्हणून हा घोळ होतो. शंभरपैकी द्यायचे, म्हणजे बारीक फरक नीट पकडता येतो. मी 73 आणि 76 असे द्यायचो. एकदम अचूक.

जुनीवही
निशाचर, पट्टीवरच्या रेघा वाढवल्या म्हणून डोळा तीक्ष्ण होत नाही. ते 73 उद्या पुन्हा दिलेत तर 68 येतील की 79, सांगू शकाल? मी लोकांना एक करायला सांगतो: गुण द्या, झाकून ठेवा, तीन दिवसांनी न बघता परत द्या. जिथे दोन गुणांचा फरक पडला तिथे तुम्हाला माहिती नाही, अंदाज आहे.

आता अर्धविरामताईंचा तक्ता. फरक 0.35 चा होता. प्रवासातून फक्त 6 काढून वाढीला दिले, 14 आणि 31 केले, तरी 'अ' 6.99 आणि 'ब' 6.98 होतात. तुम्ही 10 हलवलेत, पण 6 मध्येच पारडं फिरलं होतं. वीस की चौदा हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. तेव्हा तुमच्या तक्त्याचं खरं उत्तर 'ब' नव्हतं आणि 'अ'ही नव्हतं. दोन्ही सारख्याच, हे उत्तर होतं.

दुसरं, पगाराला 8 आणि 7 कसे दिलेत? प्रत्यक्षात फरक किती होता?

अर्धविराम
हातात येणारा 'अ'चा साधारण 12 टक्के जास्त. 8 आणि 7 असेच, मनाने. प्रवास 'अ'ला एका बाजूने 75 मिनिटं, 'ब'ला 25.

जुनीवही
मनाने दिलेत ते बरंच केलंत. बरेच जण पद्धतशीर करायला जातात आणि जास्त पगाराला 10, कमीला 0 देतात. तुमच्या पहिल्या तक्त्यात तसं केलं असतं तर 'अ' 7.55 आणि 'ब' 4.30. बारा टक्क्यांच्या फरकाने 'ब' भुईसपाट. दोनच ऑफर असताना ही पट्टी फार फसवी, कारण एकाला दहा आणि दुसऱ्याला शून्य मिळणार हे आधीच ठरलेलं असतं, मग फरक दीडपट असो नाहीतर चिमूटभर.

म्हणून "पगार किती महत्त्वाचा" हा प्रश्नच मी विचारत नाही. सगळे म्हणतात, खूप. विचारायचं असं: ही 50 मिनिटं वाचत असतील तर हे 12 टक्के सोडशील का? 8 सोडशील? 5? जिथे अडखळशील तिथे तुझं वेटेज. ते समोरच्या दोन ऑफरमधल्या फरकाचं असतं, पगार नावाच्या गोष्टीचं नसतं.

मधलीसुट्टी
आलो. ताई, मी तुमचा तासाचा हिशोब केला लोकलमध्ये उभ्या उभ्या. 'ब'चा पगार 100 धरा, 'अ'चा 112. आठ तास काम. 'अ'मध्ये जाऊन येऊन अडीच तास, म्हणजे दिवस साडेदहाचा. तासाला 10.67. 'ब'मध्ये 8 तास 50 मिनिटं, तासाला 11.32. म्हणजे जास्त पगाराची नोकरी तासाला कमी देत होती!

वर्षाचे 240 दिवस धरले तर रोजची जास्तीची 100 मिनिटं म्हणजे 400 तास. आठ तासांचे पन्नास दिवस.

अर्धविराम
पन्नास दिवस. मला हे नऊ वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं.

निशाचर
पण प्रवासात वाचन होतं, झोप होते. सगळा वेळ वाया धरू नका. माझी अर्धी पुस्तकं प्रवासातच झालीत.

मधलीसुट्टी
बसायला जागा मिळाली तर ना दादा. तक्त्यात मिनिटं नाही, बसून की उभ्याने, गाड्या किती बदलायच्या हे लिहायला हवं.

शाईचाडाग
मी वेगळंच सांगते. मला साडेसहाच्या आत घरी पोचणं भागच होतं, सासूबाईंना बघणाऱ्या बाई तेव्हा जायच्या. तरी मी ते तक्त्यात "प्रवास, वेटेज 30" म्हणून घातलं. लांबच्या ऑफरला प्रवासात 2 गुण दिले, आणि तरीही तीच जिंकली, कारण पगार आणि वाढीने भरून काढलं. बेरजेचा स्वभावच तो, एकीकडचं दुसरीकडे भरून निघतं. पण आठ वाजता घरी पोचणं माझ्याकडे कशानेच भरून निघणार नव्हतं. तेव्हापासून असं काही असलं तर आधी चाळणी लावते. चाळणीतून जी उरेल तिचाच तक्ता.

बाळ उठलं. नंतर येते.

तीनपायांचीशर्यत
सासूबाई आता कशा आहेत?

बाराखडी
मुलाचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे, नवी कंपनी एका महिन्यात या म्हणते. काय करावं? कुणाला अनुभव?

रिकामीचौकट
बाराखडी, रुजू व्हायची तारीख लेखी मागून घ्या आधी. आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. बाकी वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल.

कोरापाटा
वाढ आणि स्थैर्याचे गुण कुठून आणता तुम्ही लोक? पगार कागदावर असतो, मिनिटं मोजता येतात. बाकी दोन म्हणजे मुलाखत घेणारा कसा हसला त्यावर.

अर्धविराम
अगदी! माझे वाढीचे 8 गुण एका वाक्यावर होते. "दोन वर्षांत तू टीम सांभाळशील." म्हणणारे साहेब सात महिन्यांत स्वतःच सोडून गेले.

जुनीवही
मी दोन प्रश्न विचारतो. ही जागा नवी आहे की कुणी गेल्याने रिकामी झाली? आणि या जागेवरची आधीची माणसं आज कुठे आहेत? दुसऱ्याला नाव न घेता का होईना, नीट उत्तर आलं तर वाढीला गुण. "इथे खूप संधी आहेत" एवढंच आलं तर सरळ 5, ना इकडे ना तिकडे.

आणि वाढ म्हणजे पुढचा पगारच मनात असेल तर तो दोनदा मोजताय, हेही बघा. एकदा 40 मध्ये, एकदा 25 मध्ये.

गंमत म्हणजे ही खोड जुनी आहे. 1772 साली जोसेफ प्रीस्टलीलाही नोकरीच चालून आली होती, लॉर्ड शेलबर्नकडे. त्याने बेंजामिन फ्रँकलिनला सल्ला विचारला. फ्रँकलिनने लिहिलं की काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाचे दोन भाग करा, तीन-चार दिवस सुचेल तसं बाजूने आणि विरुद्ध लिहा, आणि सारख्या वजनाचं समोरासमोर खोडत जा. एकासमोर कधी दोनही खोडावी लागतात. वेटेजचे आकडे नाहीत, नुसती खोडाखोड.

कोरापाटा
मग घेतली का नोकरी?

जुनीवही
घेतली. 1773 मध्ये रुजू झाला, आणि 1774 मध्ये तिथे असतानाच ऑक्सिजनचा प्रयोग.

मधलीसुट्टी
म्हणजे वाढीला 10 पैकी 10.

निशाचर
आणि प्रवास?

अर्धविराम
:D :D

राहिलेलं सांगते. 'अ' मी दीड वर्ष केली. रोज रात्री पावणेनऊला घर, पाठीचं दुखणं, शेवटी सोडली. कितीतरी दिवस म्हणत होते, 'ब' घ्यायला हवी होती, पहिला तक्ता खरा होता. मग तिकडच्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं, मी जिथे जाणार होते तो विभागच त्यांनी वर्षभरात बंद केला. ज्याला मी स्थैर्याचे 8 दिले होते!

शाईचाडाग
आले परत. तीनपाय, त्या बऱ्या आहेत, धन्यवाद विचारल्याबद्दल.
अर्धविराम, मग तक्ता चुकला की नशीब?

जुनीवही
ते 8 कशावरून दिले होते त्यावर अवलंबून. कंपनी जुनी म्हणून दिले असतील तर चूक. कंपनी टिकते, विभाग टिकेलच असं नाही.

अर्धविराम
जुनी म्हणूनच :(

आत्ता भाच्याला बसवलंय. दोन्ही ऑफरचे गुण काल दिले होते त्याने, फाईल मी ठेवून घेतली. शुक्रवारी न बघता परत देणार आहे. त्याच्या वेटेजमध्ये पाचवी ओळ आहे, "ऑफिस भारी दिसतं", 10 टक्के. काढ म्हटलं तर म्हणतो, आत्या, ते खरं आहे म्हणून लिहिलंय.

तीनपायांचीशर्यत
राहू दे ती ओळ. फोटो असेल तर टाक ऑफिसचा.