मदत हवी आहे: इकॉनॉमायझर आणि एअर प्रीहीटरच्या मधलं तापमान, आणि एकूण किती उष्णता परत मिळते?

फीडवॉटर_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी एका साखर कारखान्यात बॉयलर विभागात आहे. बॉयलर ताशी ४० टनांचा, इंधन बगॅस. धूर बॉयलर बँकेतून बाहेर पडला की आधी इकॉनॉमायझरमध्ये जातो, तिथून नळ्यांच्या एअर प्रीहीटरमध्ये, मग धूळ पकडणाऱ्या यंत्रणेतून आयडी फॅन आणि चिमणी. इकॉनॉमायझरमध्ये फीड वॉटर तापतं, प्रीहीटरमध्ये एफडी फॅनची हवा.

अडचण अशी की या दोघांच्या मधल्या डक्टमध्ये तापमापी नाही. सॉकेट आहे, पण ते वेल्ड करून बंद केलेलं आहे. त्यामुळे कोण किती काम करतंय ते थेट दिसत नाही. पूर्ण भारावर, सगळं स्थिर असताना घेतलेल्या नोंदी देते.

धूर आत येताना ३६०° से., प्रीहीटरनंतर १७५°. पाणी १०५° ला आत, १६२° ला बाहेर, प्रवाह ताशी ४२ टन. हवा ३५° ला आत, १७०° ला बाहेर. एफडी फॅनच्या तोंडाशी, म्हणजे प्रीहीटरच्या आधी, हवेचा प्रवाह सेकंदाला १६.८ किलो. चाळणीखाली जाणारी हवा एवढीच. बगॅस उडवणारी आणि सेकंडरी हवा वेगळ्या फॅनची आहे आणि ती तापवलेली नाही. धुराचा प्रवाह मोजता येत नाही, पण बगॅस आणि जादा हवेवरून हिशोब करून सेकंदाला २४ किलो धरला आहे.

डिझाइनच्या कागदावर मधलं तापमान २३५° आणि शेवटचं १६०° आहे. पाणी १७४° पर्यंत, हवा १५८° पर्यंत आणि दोन्ही मिळून ५,६०० किलोवॅट.

मी सरासरी तापमानफरकाच्या पद्धतीने सुरुवात केली. मधलं तापमान गृहीत धरायचं, दोन्हीकडची उष्णता काढायची, जुळेपर्यंत बदलत राहायचं. पण इकॉनॉमायझरचा उष्णतावहनाचा आकडा स्वच्छ नळ्यांचा धरू की मळलेल्या, तिथेच अडकले. मधलं तापमान काढायचा सरळ मार्ग आहे का? वरिष्ठांचं म्हणणं आहे की शेवटचं तापमान १५ अंशांनी जास्त आहे, म्हणून बंद हंगामात प्रीहीटर मोठा करायचा. तो निर्णय बरोबर आहे का हे मला या आकड्यांवरून समजून घ्यायचं आहे.

सांगलीकर_मेकॅनिकल

ताई, तुमच्याकडे पाण्याची दोन्ही तापमानं आणि प्रवाह आहे, मग गृहीत कशाला धरायचं? पाण्याने घेतलेली उष्णता म्हणजे धुराने सोडलेली उष्णता.

पाणी सेकंदाला ११.७ किलो, अंशाला ५०.२ किलोवॅट धरा. ५७ अंश वाढलं, म्हणजे २,८६० किलोवॅट. बगॅसच्या धुरात वाफ भरपूर असते, त्यामुळे त्याची विशिष्ट उष्णता कोरड्या हवेपेक्षा जास्त, १.१७ च्या आसपास. म्हणजे २४ किलोला अंशामागे २८ किलोवॅट. २,८६० भागिले २८, १०२ अंश. मधलं तापमान २५८°.

आता उलट बाजूने. हवेला अंशामागे १७ किलोवॅट, १३५ अंश वाढली, २,३०० किलोवॅट. भागिले २८, ८२ अंश. १७५ मध्ये मिळवा, २५७°. दोन्हीकडून एकच उत्तर! एकूण ५,१६०. धुराच्या बाजूनेही १८५ गुणिले २८, ५,१८०. ताळा बसला, विषय संपला. उष्णतावहनाचा आकडा लागलाच नाही.

जनसेट_चाकण

आमच्याकडे डिझेल जनरेटरच्या एक्झॉस्टवर असंच आहे. आधी थर्मिक फ्लुइड, मग गरम पाणी. आम्हाला आधीच बजावलं होतं की शेवटचं तापमान फार खाली नेऊ नका, गंधकाचं ॲसिड जमतं आणि नळ्या खाल्ल्या जातात. तेव्हा १७५° आहे ते चांगलंच आहे, प्रीहीटर मोठा करू नका असं माझं मत.

फीडवॉटर_कोल्हापूर

@सांगलीकर, खूप आभार, मधल्या तापमानाचं कोडं सुटलं. @जनसेट, बगॅसमध्ये गंधक फारच थोडं असतं, त्यामुळे आमच्याकडे ती मर्यादा तशी लागू होत नाही. पण पाण्याच्या वाफेचं काय, हे मात्र मला विचारायचं होतं.

राख_आणि_वाफ

साखर कारखान्यांच्या बॉयलरवर बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून लिहितो. मधलं तापमान २५८° मला मान्य आहे. एकूण उष्णता मात्र अजून ठरलेली नाही. आधी एक सांगा: धुरातला ऑक्सिजन प्रीहीटरच्या आधी आणि नंतर किती आहे? एकाच वेळी, एकाच मीटरने घेतलेला.

सांगलीकर_मेकॅनिकल

साहेब, दोन्ही बाजूंचा ताळा बसल्यावर ऑक्सिजन कशाला? गळती असती तर ताळा तुटला असता ना?

फीडवॉटर_कोल्हापूर

आज दुपारी मोजून घेतला. इकॉनॉमायझरच्या आतल्या बाजूला ५.५ टक्के, प्रीहीटरनंतर ७.५ टक्के. दोन्ही कोरड्या धुरावर.

राख_आणि_वाफ

मग हे बघा. प्रीहीटरमध्ये हवा दाबाखाली असते आणि धूर ओढीखाली. नळी फुटली की हवाच धुरात शिरते, उलट कधी होत नाही. ऑक्सिजन वाढला तो त्यामुळेच. ७.५ वजा ५.५, भागिले २१ वजा ७.५, म्हणजे ०.१४८. कोळशासाठी याला ९० ने गुणून टक्के काढतात. बगॅसच्या धुरात पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून मी ८० ने गुणतो. सुमारे १२ टक्के आलं, म्हणजे सेकंदाला २.८ किलो हवा. तुमच्या १६.८ पैकी भट्टीत १४ किलोच पोचते.

आता @सांगलीकर यांच्या प्रश्नाचं उत्तर. हवेच्या बाजूने तुम्ही १६.८ किलो हवा १७०° पर्यंत तापली असं धरलंत. त्यातल्या २.८ किलोची उष्णता भट्टीत गेलीच नाही. ती जादा धरली गेली, साधारण ३८० किलोवॅट. धुराच्या बाजूने तुम्ही २४ किलो धूर १७५° पर्यंत थंड झाला असं धरलंत. प्रत्यक्षात १७५° ला जे बाहेर पडतं ते धूर आणि ही थंड हवा यांचं मिश्रण. ती हवा ३५ वरून १७५ पर्यंत तापवायला ४०० किलोवॅट गेले आणि तेही चिमणीतून वर गेले. दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच रक्कम जादा धरली गेली, म्हणून ताळा बसला आणि गळती त्यात लपली. हे घडतं ते हवेचं बाहेरचं तापमान आणि धुराचं बाहेरचं तापमान जवळजवळ असल्यामुळे. तुमच्याकडे १७० आणि १७५ आहेत. त्यांच्यात मोठा फरक असता तर ताळा खरंच तुटला असता.

खरी परत मिळालेली उष्णता: पाण्यात २,८६०. हवेत १४ किलोला अंशामागे १४.२ किलोवॅट, गुणिले १३५, १,९२०. एकूण ४,७८०. डिझाइनपेक्षा ८२० कमी. तुमच्या ताळ्यानुसार तूट जेमतेम ४४० दिसत होती.

आणि या ८२० मध्ये ६४० इकॉनॉमायझरचे आहेत. धूर आणि पाणी आत येताना त्यांच्यात २५५ अंशांचा फरक असतो. डिझाइनला धूर त्यातले १२५ सोडतो, आता १०२. यावरून उलट गणित केलं तर त्याची उष्णता देण्याची क्षमता स्वच्छ अवस्थेच्या पाऊणपटीहून थोडी कमी झाली आहे. प्रीहीटर मोठा करण्याआधी इकॉनॉमायझरचे सूट ब्लोअर बघा.

फीडवॉटर_कोल्हापूर

हे फार उपयोगाचं आहे. मग इकॉनॉमायझर स्वच्छ केला तर ६४० किलोवॅट परत मिळतील ना?

राख_आणि_वाफ

नाही, पूर्ण नाही. इथेच एकामागोमाग जोडणी समजून घ्यायला हवी. प्रीहीटरला जो धूर मिळतो तो इकॉनॉमायझरने उरवलेला. मधलं तापमान २३५ वर आलं की प्रीहीटरच्या वाट्याचा तापमानफरक २२३ वरून २०० वर येतो. प्रवाह तेच, म्हणून तो त्या फरकाचा तोच वाटा उचलेल, साडेसाठ टक्के. हवा १५६° पर्यंतच तापेल आणि १,९२० चे १,७२० होतील. इकॉनॉमायझरने ६४० कमावले, प्रीहीटरने २०० गमावले. निव्वळ ४४०, एकूण ५,२२०. बगॅसमध्ये ढोबळमानाने ताशी २०० किलो.

दुसरी गोष्ट जपून ठेवा. त्या वेळी गळतीसकट शेवटचं तापमान १६१° च्या आसपास दाखवेल. डिझाइनला १६०° आहे, म्हणजे सगळे म्हणतील की आता ठीक झालं. तरीही तुम्ही ३८० किलोवॅटने मागे असाल. म्हणून त्या दिवशी ऑक्सिजन पुन्हा मोजा.

वाफेबद्दल विचारलंत. ५० टक्के ओलाव्याच्या बगॅसच्या धुरात पाणी जमायला लागतं ते ६५° च्या आसपास. पूर्ण भारावर नळीची भिंत त्याच्या बरीच वर असते. पण हंगामाच्या सुरुवातीला, कमी भारावर, पहाटेच्या थंड हवेत प्रीहीटरच्या हवा आत येणाऱ्या टोकाच्या नळ्या तिथपर्यंत उतरतात. ओली राख चिकटते आणि खालून भोकं पडतात. @जनसेट यांचं कारण वेगळं होतं, पण थंड टोकाची काळजी योग्य आहे.

सांगलीकर_मेकॅनिकल

पटलं. पण एक शंका राहते. सगळं २४ किलोच्या अंदाजावर उभं आहे. धूर २६ असेल तर?

राख_आणि_वाफ

तर मधलं तापमान २५८ ऐवजी २६६ येईल. पाण्यात गेलेले २,८६० तेच राहतील, कारण ते पाण्याच्या मापावरून आले आहेत. हवेचा आकडा गळतीच्या प्रमाणात थोडा हलेल. मधलं सॉकेट उघडून घेणं उत्तम, पण डक्टमध्ये एकाच जागी तापमापी घालू नका. इकॉनॉमायझरनंतर धूर एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार असू शकतो. आडव्या रेषेत चार-पाच जागी मोजा.

फीडवॉटर_कोल्हापूर

सॉकेट उघडायची परवानगी मागते. गळती थंड टोकाला आहे की गरम टोकाला, हे चालू बॉयलरवर कळेल का?

राख_आणि_वाफ

एकूण उष्णतेच्या हिशोबाला जागेने फरक पडत नाही, पण दुरुस्तीला पडतो. प्रीहीटरचे दोन ब्लॉक असतील तर मधल्या डक्टमध्ये ऑक्सिजन मोजा. ५.५ च्या जवळ आला तर भोकं पुढच्या, थंड ब्लॉकमध्ये. एकच ब्लॉक असेल तर बॉयलर बंद झाल्यावर एफडी फॅन चालू ठेवून नळ्यांच्या तोंडाशी हवा तपासावी लागेल. तुमचे किती ब्लॉक आहेत?

फीडवॉटर_कोल्हापूर

दोन आहेत. मधल्या डक्टला दार आहे, सॉकेट नाही. उद्या पाळीवर बघून सांगते.