रेशनमध्ये प्रथिनं बरोबर, तरी एफसीआर का बिघडतो?

«परळच्या कॉलेजात दोन घटकांचं प्रमाण काढायच्या पिअरसन चौकोनाने ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे फिनिशरचं रेशन काढलं: प्रथिनं एकूण २० टक्के, मक्यात ९, सोयापेंडीत ४५. शेडवर एफसीआर, म्हणजे किलोभर वजनवाढीला लागलेलं खाद्य, १.९ आला. चुकलं कुठे?»

चौकोन बरोबर आहे, पण त्यात मका आणि पेंड मिळूनच १०० किलो भरतात. डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी), चुनखडी, मीठ, मिथिओनिन हे अमिनो आम्ल, जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स यांना साधारण ४ किलो जागा लागते. ती आधी बाजूला काढा. मग उरलेल्या ९६ किलोत २०.८ टक्के प्रथिनं हवीत, म्हणजे सोयापेंड ३१.५ आणि मका ६४.५ किलो.

खरी गोम मात्र ऊर्जेत आहे. मक्याची ३३५० आणि पेंडीची २२३० किलोकॅलरी धरली, तर हे खाद्य किलोला जेमतेम २८६० देतं. ब्रॉयलर बऱ्याच अंशी ऊर्जेच्या भुकेनं खातो. खाद्यात ऊर्जा कमी असली की तो जास्त खातो, वजन त्या मानानं वाढत नाही आणि एफसीआर चढतो. ३ किलो तेल घालून चौकोन पुन्हा ९३ किलोवर मांडा: पेंड ३२.३, मका ६०.७. प्रथिनं २०च राहतात, ऊर्जा ३०२० च्या आसपास जाते. नुसतं तेल वरून ओतलं, तर प्रथिनांचं प्रमाण घसरेल.

आणि हो, खाद्य बदलण्याआधी फीडरखालचं लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा, चाळून बघा. सांडलेलं खाद्यही एफसीआरमध्ये ‘खाल्लेलं’ म्हणूनच मोजलं जातं. फीडर काठोकाठ भरत असाल, तर एक तृतीयांशावर आणा आणि काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा.