मदत हवी आहे: जर्सीवरचा ७ काढून १८ टाकायचा आहे, पण अक्षरं घडीवर फाटल्यासारखी दिसतात

सांजवारा:
आमच्या संघाचं नव्या हंगामाचं पोस्टर करतोय. फोटो मागच्या हंगामातला आहे. त्यातल्या एका खेळाडूचा नंबर आता ७ वरून १८ झाला आहे आणि संघाचं नावही थोडं बदललंय. त्याचा पुन्हा फोटो काढणं शक्य नाही, म्हणून आहे त्याच फोटोत बदल करायचा ठरलं. खेळाडूला विचारलं आहे, त्याची हरकत नाही.

गडद निळी जर्सी, पांढरा नंबर. छातीवर उभ्या चार-पाच घड्या आहेत आणि उजव्या काखेतून खाली येणारी एक मोठी तिरकी घडी आहे. फोटोशॉपमध्ये मी केलं ते असं: फोटोची कॉपी ब्लॅक अँड व्हाइट करून PSD म्हणून ठेवली, १८ टाइप केला, मग `Filter > Distort > Displace`, दोन्ही स्केल ३०, आणि ती PSD निवडली.

झालं काय, तर १८ आख्खाच तिरका सरकला. शिवाय जिथे जुना ७ होता तिथे नव्या आकड्याच्या कडा तुटल्या. १८ च्या आत ७ चं भूत दिसतंय. जुना ७ मी नंतर क्लोन स्टॅम्पने पुसला होता, त्यामुळे खाली तो आता नाही. तरी हे भूत येतं कुठून? आठवडाभर यातच अडकलोय.

निळाई:
स्केल कमी करा, १० ठेवा. मॅपला थोडा गॉशियन ब्लर द्या, म्हणजे कडा तुटणार नाहीत. आणि नंबरचा लेयर Multiply करा, घड्यांच्या सावल्या आपोआप वर येतील. मी नेहमी असंच करते.

सांजवारा:
करून पाहिलं. कडा जरा मऊ झाल्या, पण ७ ची आकृती अजून कळतेच. आणि Multiply केल्यावर १८ गायबच झाला!

टाका_दोरा:
पांढरा नंबर कशाचा आहे ते आधी बघा. व्हिनाइल असेल तर हीट प्रेसने गरम करून सावकाश सोलता येतो. मागे डिंक राहतो, तो वेगळा काढावा लागतो. सब्लिमेशनची छपाई असेल तर विसरा, रंग पॉलिएस्टरच्या धाग्यात मुरलेला असतो, तो निघत नाही. नवा नंबर जुन्यावर चिकटवू नका, कडा उचलतात.

सांजवारा:
दादा, कापडावर काही करायचं नाहीये, फोटोत बदलायचं आहे. पण नंबर व्हिनाइलचाच आहे बहुतेक, जवळून पाहिलं तर जाळीची वीण त्यावर दिसत नाही.

टाका_दोरा:
अच्छा, फोटो होय. मग फोटोतही तेवढं ध्यानात ठेवा. व्हिनाइलवर वीण दिसत नाही आणि ते कापडापेक्षा जाड असतं, त्यामुळे बारीक सुरकुती त्यावर उमटत नाही, मोठी घडीच उमटते. नव्या आकड्यावर जाळी दाखवलीत तर जर्सी शिवणाऱ्याला लगेच खोटं कळेल.

जुनी_निगेटिव्ह:
टाका_दोरा यांचं शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, त्यावर पुढे येतो. आधी भुताचं.

तुम्ही मॅप कधी केला? ७ पुसण्याआधी. फोटो नंतर साफ केलात, पण डिस्कवरची PSD जुनीच राहिली. फिल्टरला ती फाइलच दिसते, त्याला तुमच्या लेयरचं काही देणंघेणं नाही.

आता हिशोब बघा. Displace मध्ये मॅपचा राखाडी १२८ असेल तिथे काहीच हलत नाही. १२८ पासून जितकं दूर, तितक्या पिक्सेलना स्केलच्या टक्केवारीने गुणायचं. तुमचं निळं कापड ब्लॅक अँड व्हाइटमध्ये साधारण ५३ वर येईल, म्हणजे १२८ पासून ७५ खाली. स्केल ३० असताना तिथलं सगळं जवळपास २२ पिक्सेल एका बाजूला गेलं. दोन्ही स्केल सारखे आणि मॅप एकाच राखाडीचा, म्हणून सरकणं तिरकं. पांढरा ७ मात्र २३४ च्या आसपास, म्हणजे १०६ वर. तिथलं ३२ पिक्सेल उलट्या बाजूला. म्हणजे ७ च्या कडेवर एकदम ५४ पिक्सेलची दरी पडली. निळाईताईंनी सांगितलेला ब्लर आणि कमी स्केल यांनी ही दरी लहान होते, जात नाही. कारण मॅपमध्ये घडी नाहीच दिसत, रंगाचा फरकच दिसतो.

सांजवारा:
आता डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे साफ केलेल्या फोटोवरून मॅप करायचा. पण मी क्लोन स्टॅम्पने पुसताना घड्याच पुसल्या गेल्या आहेत. तिथे नुसता सपाट निळा आहे.

जुनी_निगेटिव्ह:
म्हणून क्लोन स्टॅम्पने सुरुवात करू नका. मूळ फोटोकडे परत जा. पांढऱ्या ७ वर घड्यांची छाया आहे, ती फुकट मिळालेली आहे. तिला निळ्यात रंगवायचं.

७ चं नीट सिलेक्शन करा. त्यावर सॉलिड कलरचा लेयर, मोड Multiply. रंग कोणता, तर आयड्रॉपरने दोन जागा मोजा, शेजारी शेजारी आणि सारख्या उजेडातल्या. समजा पांढरा आला २३२, २३४, २३८ आणि निळा ३४, ५२, ११०. मग निळ्याच्या प्रत्येक आकड्याला २५५ ने गुणून पांढऱ्याच्या आकड्याने भागा: ३७, ५७, ११८. हा रंग भरला की ७ कापडात मिसळतो आणि घड्या जागच्या जागी राहतात. कडेची तीन-चार पिक्सेलची रेघ तेवढी क्लोन स्टॅम्पने साफ करायची. पांढरा कुठे पूर्ण २५५ ला फुटला असेल, तर तिथे छायाच नाही. तेवढा भाग शेजारच्या घडीवरून आणावा लागेल.

पण ७ पुसण्याआधी एक गोष्ट कराच. ७ ची वरची आडवी दांडी छापताना सरळ होती. फोटोत ती घड्यांवरून जाताना किती वरखाली होते ते मोजा आणि तिची कड पेन टूलने पाथ म्हणून जपून ठेवा. या कापडावर अक्षर कसं वाकतं, याचा पुरावा तुमच्याकडे तेवढाच आहे. तसंच पांढऱ्याची किंमत उजेडात किती आणि घडीत किती, तेही टिपून ठेवा.

सांजवारा:
मोजलं. दांडी सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ठिकाणी मिळून ९ पिक्सेल हलते. पांढरा उजेडात २३४, खोल घडीत १६८. तुमच्या पद्धतीने ७ निळा केला, खरंच घड्या राहिल्या!

जुनी_निगेटिव्ह:
छान. आता मॅप. साफ फोटोचा निळा चॅनेल घ्या, निळ्या जर्सीत घड्या तिथेच नीट दिसतात. लाल चॅनेल जवळजवळ काळा असतो, त्यात गोंगाटच जास्त. त्याची नवी डॉक्युमेंट करा, फोटोइतक्याच पिक्सेलची. त्यावर `High Pass`, त्रिज्या एका घडीच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त, तुमच्या फोटोत ६० च्या आसपास. याने सगळं कापड १२८ भोवती येतं, म्हणून आख्खा आकडा सरकणं थांबतं. मग जाळीची वीण जाईल एवढाच गॉशियन ब्लर, ३ पिक्सेल पुरतील. मग PSD.

स्केल अंदाजाने नको. मॅपवर दांडीच्या ओळीत सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ किती, ते पाहा. ९० आणि १६५ असेल, तर फरक ७५. तुम्हाला ९ पिक्सेल हवेत, ७५ च्या १२ टक्के म्हणजे ९. म्हणून Vertical scale १२. दांडी वरखाली होते, आडवी फारशी नाही, म्हणून Horizontal ० पासून सुरू करा. लाट उलटी आली तर उणे १२ द्या. फिल्टर लावताना कुठलंही सिलेक्शन चालू ठेवू नका. आणि टाइप आधी Smart Object करा, म्हणजे स्केल नंतर बदलता येईल.

उगवतीकर:
मध्ये बोलतोय, पण माझाही असाच घोळ आहे. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी, मी जिंप वापरतो, `Filters > Map > Displace`. नाव प्रत्येक पट्टीवर पायऱ्यापायऱ्यांचं होतं. पट्ट्या पुसायच्या कशा? त्या तर ठेवायच्या आहेत.

जुनी_निगेटिव्ह:
पुसू नका. मॅपसाठी लाल चॅनेल घ्या. लाल आणि पांढरा दोन्ही त्यात उजळ असतात, पट्ट्या बऱ्याचशा नाहीशा होतात आणि घड्या उरतात. निळा किंवा हिरवा चॅनेल घेतलात तर पट्ट्याच हातात येतील.

उगवतीकर:
चॅनेल उघडला आणि पट्ट्या जवळपास गेल्या. पुसट रेघा राहिल्यात, ब्लर देऊन बघतो. आभारी आहे.

सांजवारा:
१२ ने १८ ची वरची कड जपलेल्या पाथशी बऱ्यापैकी जुळली! दोन अडचणी आहेत. एक, लाटेचा उंचवटा घडीच्या माथ्यावर येत नाही, थोडा डावीकडे येतो. दोन, १८ अजून स्टिकर वाटतो. घड्यांचा मॅप वर Overlay ने टाकला तरी काही फरक दिसत नाही.

जुनी_निगेटिव्ह:
पहिलं: उजेड डावीकडून आहे ना? मग घडीचा डावा उतार उजळ दिसतो, माथा नाही. फिल्टर उजेडालाच उंची समजतो. ही त्याची मर्यादा आहे, आकडे बदलून ती जात नाही. Liquify मध्ये मोठा ब्रश घेऊन तेवढी लाट उजवीकडे ढकला.

दुसरं: Overlay खालचा रंग पांढरा असला की जवळजवळ गप्प बसतो. तुमच्या २३४ च्या पांढऱ्यावर ९० चा राखाडी Overlay ने टाकलात तर उत्तर २२८ च्या आसपास येतं, डोळ्याला कळणारही नाही. तोच Hard Light ने टाकला तर १६५ येतं. तुम्ही खोल घडीत १६८ मोजलंच आहे. म्हणजे नंबरचा रंग शुभ्र न ठेवता २३४ च्या आसपासचा ठेवा, आणि वर तोच ब्लर दिलेला मॅप, नंबरला क्लिप करून, Hard Light. ब्लर नसलेला High Pass घेतलात तर जाळीची वीण उमटेल. टाका_दोरांनी तेच सांगितलं होतं.

निळाई:
Multiply का नाही चालत, तेही आत्ता लक्षात आलं. पांढऱ्याला Multiply म्हणजे खालचा निळाच. मी आजवर पांढऱ्या जर्सीवर काळी अक्षरंच केली होती, तिथे चालून जायचं.

सांजवारा:
Hard Light ने जीव आला त्याच्यात! टोकदारपणा कमी करायला ०.७ चा ब्लर दिला, आता बाजूच्या खेळाडूच्या नंबरशी जुळतो.

काखेतली तिरकी घडी मात्र जमत नाही. ८ चा उजवा भाग तिच्यावरून जातो. मूळ फोटोत ७ तिथे चक्क तुटलेला होता, त्याचा थोडा भाग घडीच्या आत गेलेला. Displace ने तो नुसता नागमोडी होतो.

जुनी_निगेटिव्ह:
तो Displace चा प्रांत नाही. तो पिक्सेल सरकवतो, लपवत नाही. ८ च्या दोन कॉपी करा. घडीच्या कडेवर पेन टूलने पाथ काढून एकीला अलीकडचा मास्क, दुसरीला पलीकडचा. पलीकडची कॉपी घडीच्या आत सरकवा, ७ चा जेवढा भाग गिळला गेला होता तेवढी. मग पलीकडच्या कॉपीवर कडेला लागून एक मऊ गडद रेघ, कारण वरची घडी खालच्यावर सावली टाकते.

सांजवारा:
केलं. ८ चं पोट घडीत जातं, आता खरं वाटतं. संघाचं नाव मात्र बाकी आहे. ते थेट बरगड्यांपर्यंत जातं आणि शेवटची दोन अक्षरं खेळाडूच्या कोपराच्या सावलीत आहेत. तिथला निळा इतका गडद आहे की चॅनेलमध्ये घडीच सापडत नाही, High Pass केलं की गोंगाट वर येतो. मूळ नावाचीही तिथली अक्षरं काळवंडलेली आहेत, मोजायला सरळ कड मिळत नाही.

जुनी_निगेटिव्ह:
RAW फाइल आहे का? असली तर सावल्या उचलून वेगळी कॉपी काढा, ती मॅपपुरती वापरा. JPEG च असेल तर तिथे हाताने Warp करण्यापलीकडे मला तरी मार्ग दिसत नाही.

सांजवारा:
फोटो काढणाऱ्याला विचारलंय. त्याच्याकडे RAW आहे की नाही ते उद्या सांगतो म्हणाला.

टाका_दोरा:
तोपर्यंत एक बघून ठेवा. नाव आणि नंबर एकाच छपाईचे आहेत का? पुष्कळदा नाव सब्लिमेशनचं असतं आणि नंबर वरून चिकटवलेला. तसं असेल तर नावावर वीण दिसायला हवी.

सांजवारा:
झूम करून बघितलं. नावावर वीण दिसते आहे!